चार-तीन-नव्वद

नमिताला तारखांचा कधी कंटाळा आला नाही. लग्नाआधी आणि लग्नानंतरही बरीच वर्षं ती न्हावा शेव्याच्या रस्त्यावरच्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कामाला होती. जहाज कधी लागलं, कंटेनर कधी उतरला, कागद कधी दाखल झाले, सगळा दिवस तारखा टाइप करण्यात जायचा. मालक तापट होता, पण तिच्यावर कधी ओरडला नाही. "नमिताबाईंनी टाकलेली तारीख म्हणजे दगडावरची रेघ," असं तो इतर मुलांना ऐकवायचा, आणि ती मान खाली घालून हसायची. मनातून मात्र सुखावायची.

सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा तिने नोकरी सोडली. सासूबाई गेल्या, मुलगी ऋता खारघरच्या कॉलेजात जायला लागली, आणि जुईनगरच्या त्या दोन खोल्यांत दुपार सरता सरेना. तेव्हा ती तळ्याकाठच्या राममंदिरात जाऊन बसू लागली. आधी फुलं निवडायला, मग पावत्या लिहायला, आणि मग ऑफिसातला कॉम्प्युटरच तिच्या अंगावर पडला.

तिथेच तिची पुतळाआजीशी गाठ पडली.

पुतळाआजी जुन्या गावातली. तिच्या मालकांची, म्हणजे नवऱ्याची, भाताची शेती होती; ती शहर वसवायला सिडकोने घेतली आणि त्या जागी आता इमारती उभ्या होत्या. मालक कधीच वारले होते. एकुलता एक मुलगा, रणजीत, एकोणिसाव्या वर्षी बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरखाली गेला होता. आजी आता पुतण्याकडे, पंढरीकडे राहायची. पंढरीने वडिलार्जित जागेवर चार मजले चढवले होते, खालचा गाळा भाड्याने दिला होता आणि वरच्या मजल्यावर काकूला एक खोली दिली होती. खायला-प्यायला कमी नव्हतं. पण आजीचा जीव रमायचा तो देवळात. सकाळी खांबाला टेकून वाती वळत बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घ्यायची.

"नमे, तुज्या त्या डब्याला इचार गो, आज भाजी काय करू?"

"आजी, भाजी सांगत नाही तो."

"मंग कशाला ठेवलाय? माजा पंढरी पन भाजी सांगत नाय, पन निदान खातो तरी!"

अशी आजी. पण हल्ली ती विसरायला लागली होती. चप्पल घालून आली आहे की नाही हेही तिला आठवत नसे. नमिताला कधी नमी म्हणायची, कधी स्वतःच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारायची. डॉक्टर म्हणाले होते, वयाचं आहे, वाढत जाईल.

दोन गोष्टी मात्र तिच्यात घट्ट होत्या. एक, रामनवमीचा पाळणा. भर दुपारी बारा वाजता गाभाऱ्यासमोर फुलांचा पाळणा टांगायचा, बायका पाळणा म्हणायच्या आणि पहिला झोका पुतळाआजीने द्यायचा. रणजीत गेला त्याच वर्षी, दुःखाने वेडी झालेल्या तिच्या हातात तेव्हाच्या गुरुजींनी पाळण्याची दोरी दिली होती. "हा पण तुझाच आहे, ओढ," म्हणाले होते. तेव्हापासून तो मान तिचा.

आणि दुसरी गोष्ट, रणजीतचा दिवस. फाल्गुनात, होळीच्या आधी, शुद्ध अष्टमीला ती केळीच्या पानावर तांदळाची खीर आणि वडे घेऊन यायची, गुरुजी संकल्प सोडायचे आणि देवळाच्या मागे, तळ्याच्या भिंतीवर ती घास ठेवायची. घरात हे कधीच झालं नाही. मालकांच्या हयातीत मुलाचं नाव काढलं की ते उठून बाहेर जायचे, म्हणून तिने तो दिवस देवळात आणला आणि देवळातच ठेवला. पंढरीला इतकंच ठाऊक होतं की काकू वर्षातून एकदा पान घेऊन जाते. तो तेव्हा चार वर्षांचा होता.

नमिता देवळात यायला लागली त्याच साली देवळाचे म्हातारे गुरुजी थकून कोकणात मुलाकडे गेले. त्यांच्या डोक्यात अख्ख्या गावाच्या तिथ्या होत्या. ट्रस्टींना घोर पडला. आता सोसायट्यांतून राहणाऱ्या लोकांना आई-बापाची तिथी कोण सांगणार? मग ठरलं की देवळाने तिथीची सेवा सुरू करायची. मृताची तारीख कॉम्प्युटरला द्यायची, तो पंचांगाप्रमाणे तिथी काढेल आणि आदल्या दिवशी घरच्यांच्या मोबाइलवर मेसेज जाईल. असा एक प्रोग्राम विकतही मिळाला. अमेरिकेहून परतलेल्या एका भक्ताने आपला लॅपटॉप देवळाला देऊन टाकला. नावांची यादी आधीच्या कारकुनाने घरोघरच्या मृत्यूच्या दाखल्यांवरून करून ठेवलेली होती. साडेतीनशेच्या वर नावं, आणि प्रत्येकापुढे मृत्यूची तारीख: आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. आपण सगळे लिहितो तशी.

अडचण एकच होती. त्या तारखा नुसती अक्षरं होती. आपल्याला "04-03-1990" दिसलं की आपण म्हणतो चार मार्च. कॉम्प्युटरला ते अक्षरांचं एक गाठोडं. त्याच्या लेखी खरी तारीख म्हणजे मोजणी असते, एका ठरलेल्या दिवसापासून पुढे किती दिवस झाले त्याचा आकडा. तो आकडा असेल तरच तिथी निघते. अक्षरांतून काही निघत नाही. प्रोग्रामने सगळी यादी परत फेकली.

"एवढंच ना? द्या माझ्याकडे," नमिता म्हणाली.

शेजारच्या रकान्यात तिने मजकुराची तारीख करणारा फॉर्म्युला लावला आणि खालपर्यंत ओढला. बऱ्याच ओळी झटक्यात झाल्या. उरलेल्या ओळींत एरर आला. तिने वरच्या दोन-चार ओळी ताडून पाहिल्या. डावीकडे 04-03-1990, उजवीकडे 4/3/1990. बरोबर. डावीकडे 09-11-2019, उजवीकडे 9/11/2019. बरोबर. आता राहिल्या एररवाल्या. त्यांच्यासाठी तिने दुसरा फॉर्म्युला लिहिला: पहिली दोन अक्षरं दिवस, मधली दोन महिना, शेवटची चार वर्ष, तिन्ही वेगळी काढून त्यांची तारीख बनव. तोही लागू पडला. फक्त त्या तारखा 3/25/1998 अशा दिसायला लागल्या, महिना आधी, दिवस नंतर.

"अमेरिकेचा लॅपटॉप आहे, उलटंच दाखवणार," ती स्वतःशीच म्हणाली आणि हसली.

एवढं म्हणूनही तिला उमगलं नाही. पंचवीस नावाचा महिना नसतो, म्हणून ती ओळ तिने बरोबर वाचली. चार-तीन मात्र तिने आपल्या सवयीने वाचलं. लॅपटॉपने ते त्याच्या सवयीने वाचलं होतं. चौथा महिना, तिसरा दिवस. ज्यांचा दिवस बारापर्यंतचा होता त्यांचा दिवस आणि महिना गुपचूप जागा बदलून बसले, आणि तेरापासून पुढच्या दिवसांना महिना होता येत नाही म्हणून तेवढ्यांवरच तो अडखळला. ज्यांत एरर आला त्या तारखा नीट दुरुस्त झाल्या. एरर न आलेल्याच चुकल्या. आणि हे सगळं ठीक करणारा फॉर्म्युला तिच्या हाताखालीच होता. तो तिने वरपासून लावला असता तर...

काम झाल्यावर तिने जुना रकाना काढून टाकला. पसारा नको म्हणून.

फाल्गुन लागला. शुद्ध अष्टमीला सकाळी पुतळाआजी पान घेऊन आली. कुणी आठवण केली नव्हती. चप्पल विसरली होती, पण दिवस विसरली नव्हती. नवे गुरुजी तरुण, मनाने चांगले. त्यांनी मोबाइलवर पाहिलं आणि म्हणाले, "आजी, आजच्या यादीत तुमचं नाव नाहीये. तुमचा दिवस पुढे असेल."

"पुरं? होलीच्या पुरं?"

"मेसेज येईल ना आजी. त्याच दिवशी करू, व्यवस्थित."

आजीने नमिताकडे पाहिलं. नमिता पावती लिहीत होती. "येईल आजी, टेन्शन घेऊ नका," ती म्हणाली. "सगळं मी स्वतः घातलंय त्यात."

आजीने पान पदराखाली झाकलं. मग आली तशी अनवाणी परत गेली.

रामनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी पंढरी तिला घेऊन देवळात आला. त्याच्या हातात मोबाइल होता.

"नमिताताई, हिला जरा समजवा. मेसेज आला तवापासून डोकं खाल्लंय. कै. रणजीत, चैत्र शुद्ध नवमी, उद्या. इथं साफ लिवलंय. आन् ही बोलते, खोटं हाय!"

"खोटंच हाय," आजी म्हणाली. "नमे, माजा पोर होलीच्या अगुदर गेला गो. पोरं लाकरं जमवीत होती. रणजीतने पन एक ओंडका आणून ठेवला व्हता. तो ओंडका होलीत टाकू दिला नाय मी कुनाला."

"काकू, आता तू जेवलीस का तेबी तुला आठवत नाय. कॉम्प्युटर काय तुज्याशी वैर धरून बसलाय?"

"तू गप. तू तवा नाक पुसत व्हतास."

नमिताने प्रोग्राम उघडला. तिथे नाव होतं आणि पुढे तिथी. चैत्र शुद्ध नवमी. तिला क्षणभर वाटलं की तारखांची यादी उघडून पाहावी. पण देवळात उद्याची घाई होती, फुलवाला दारात उभा होता, सुंठवड्याची सुंठ यायची होती. आणि समोरची म्हातारी परवाच तिला बहिणीच्या नावाने हाक मारून गेली होती.

"आजी," ती मायेनेच म्हणाली, आजीचा हात हातात घेऊन, "तुमचा गोंधळ होतोय. होळीची आठवण दुसऱ्या कुठल्या सालची असेल. तारीख तुमच्याच घरून आलेली आहे. तिच्यावरून हिशेबाने तिथी काढलीय. ती चुकणार नाही."

आजीची नजर गाभाऱ्यासमोरच्या कड्यांकडे गेली. पाळणा टांगायच्या कड्या, नुकत्याच पुसलेल्या.

"मंजे," ती हळू म्हणाली, "ज्या दिसाला माजा पोर गेला, त्याच दिसाला मी इतकी वर्सं झोका देत आले?"

"पोर मेला त्या दिसाला मी गाना बोलले," आजी म्हणाली. "सुंठवरा खाल्ला."

"काकू, चल आता," पंढरीचा आवाज उतरला होता.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता पुतळाआजी आली नाही. पंढरीच्या बायकोने संकल्पाचं पान आणून दिलं, गुरुजींनी नव्या यादीप्रमाणे सगळं यथासांग केलं. पाळण्याची दोरी दुसऱ्या एका बाईच्या हातात दिली. बायकांनी पाळणा म्हटला. नमिताने चार वेळा दाराकडे पाहिलं आणि मग सुंठवडा वाटायला लागली.

त्यानंतर आजी देवळात येईनाशी झाली. पंढरी सांगायचा, "आता आमी काय बोललो का लगेच बोलते, आसंल बाबा, माजं डोकं गेलंय." पूर्वी ती भांडायची. आता दुपारी बारा वाजता कुणी सकाळ झाली म्हटलं तरी ती हो म्हणायची. मीठ जास्त झालंय म्हणायची नाही, चहा थंड आहे म्हणायची नाही. एकदा आतल्या खोलीत तिने पंढरीच्या बायकोला विचारलं, "मी कोन गो?" आणि मग स्वतःच म्हणाली, "तुमी सांगाल तेच."

गणपती विसर्जन होऊन दोन दिवस झाले होते. सुयश नावाचा एक तरुण देवळाच्या ऑफिसात आला. सेक्टरमधल्या सोसायटीत राहणारा, बोलायला नम्र, पण चेहरा ओढलेला.

"मॅडम, बाबांच्या तिथीचा मेसेज गणपतीत आला. आई रडायला लागली. म्हणाली, गणपतीत कसं, ते तर तुळशीच्या लग्नाच्या दिवशी गेले. दोन हजार एकोणीस, नऊ नोव्हेंबर. मी हॉस्पिटलात होतो, मला विसरणं शक्य नाही."

"बघते हं," नमिता म्हणाली आणि या वेळी तिने प्रोग्रामला दिलेली तारखांची यादी उघडली. "हे बघा, बरोबरच आहे इथे. नऊ, अकरा, एकोणीस."

"मग मेसेज सप्टेंबरात कसा?"

ती काहीतरी बोलायला गेली आणि तिची नजर खालच्या ओळीवर पडली. 9/25/2016. नऊ, पंचवीस. एकच रकाना. एकाच रकान्यात वरच्या ओळीत नऊ म्हणजे दिवस आणि खालच्या ओळीत नऊ म्हणजे महिना, असं कसं असेल? कॉम्प्युटर तर एका रकान्यात एकच चाल धरतो. मग वरचा नऊही महिनाच. नववा महिना, अकरा तारीख. गणपती.

तिने रकान्याचं रूप बदलून महिना अक्षरांत दाखवायला लावला, आणि समोर उभं राहिलं: 11 सप्टेंबर 2019. मग ती वर सरकत गेली. बारापर्यंतच्या दिवसांची ओळ आली की थांबायची. सुयश काहीतरी विचारत होता, तिला ऐकू येत नव्हतं. एका ओळीशी ती थांबली.

3 एप्रिल 1990.

जुना रकाना काढून टाकलेला असला तरी तिला तो दिसत होता. चार-तीन-नव्वद. चार मार्च. तिने शेजारच्या रकान्यात दिवसाच्या जागी महिना आणि महिन्याच्या जागी दिवस घातला आणि ती तारीख प्रोग्रामला दिली. फाल्गुन शुद्ध अष्टमी.

होळीच्या आधी.

तो सबंध दिवस तिने ऑफिसातच काढला. लॅपटॉपची तारखेची पद्धत भारताची केली, ज्यांचा दिवस तेराच्या आतला होता त्या प्रत्येक ओळीतला दिवस आणि महिना परत आपापल्या जागी बसवला, आणि महिना कायमचा अक्षरांत दिसेल असं करून ठेवलं. बिघाड एकाच नियमाने झाला होता, म्हणून त्याच नियमाने उलटा फिरला, एकही तारीख सुटली नाही. ज्यांची तिथी चुकली होती त्या घरांना तिने एकेक करून फोन केले. काहींनी समजून घेतलं, काही ताडताड बोलले. एका काकांनी विचारलं, "बाई, माझ्या आईला मी चुकीच्या दिवशी पाणी दिलं, आता काय करू?"

संध्याकाळी ती पंढरीच्या घरी गेली. आजी खिडकीशी बसली होती. पूर्वी अशा वेळी ती वाती वळायची. आता हात नुसते मांडीवर.

"आजी, तुमचंच खरं होतं," नमिता तिच्यासमोर खाली बसली. "रणजीत होळीच्या आधीच गेला. अष्टमीला. रामनवमीला नाही. चूक माझी होती. माझ्या हातून झाली."

आजीने मान हलवली. "आसंल बाय. तू बोलतेस तर आसंल."

"नाही आजी, मी बोलते म्हणून नाही. तुम्हाला आठवत होतं. ओंडका आणला होता ना त्याने? होळीचा?"

"ओंडका?" आजी विचारात पडली. मग नमिताच्या तोंडाकडे बघून, तिला बरं वाटावं म्हणून, घाईने म्हणाली, "हां हां. ओंडका."

दारात उभा असलेला पंढरी जिन्याकडे वळला. त्या दिवशी त्याने नमिताला शब्दानेही टोचलं नाही. टोचलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

पुढच्या फाल्गुनात मेसेज बरोबर दिवशी गेला. पान नमिताने केलं: खीर, वडे. पंढरीने काकूला उचलून रिक्षात बसवलं आणि देवळात आणलं. तळ्याच्या भिंतीवर आजीच्या हाताने घास ठेवला. कावळा लगेच आला. गुरुजी म्हणाले, "बघा आजी, आला." आजी कौतुकाने कावळ्याकडे बघत राहिली, लहान मूल बघतं तशी. तो कुणासाठी आलाय हे तिला सांगावं लागलं. ती म्हणाली, "बरां झाला."

नमिताने आपल्या मनाशी एक ठरवून ठेवलं होतं. तिथी परत लागली, तसा पाळणाही परत लागेल. आजीला बाकी काही आठवलं नाही तरी दोरी आठवेल. तीस-बत्तीस वर्षांची सवय हाताला असते.

रामनवमीला ती स्वतः आजीला आणायला गेली. हिरवं लुगडं नेसवलं, केसात फूल माळलं. आजी खुशीत होती. रिक्षात तिने नमिताला विचारलं, "लगीन कोनाचा हाय?" देवळात बायकांनी वाट करून दिली. ज्या बाईने गेल्या वर्षी दोरी धरली होती तिनेच उठून आजीला पुढे बसवलं. घड्याळाचे काटे जुळले, गुलाल उधळला, घंटा वाजल्या. नमिताने रेशमी दोरी उचलली आणि आजीच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटली.

आजीने हात असा झटकला की दोरी थेट फरशीवर पडली.

"नको," ती म्हणाली. आवाज खणखणीत, पूर्वीसारखा. "आज नको. आज माज्या पोराचा दिस हाय."

पाळणा म्हणायला उघडलेली तोंडं तशीच राहिली. "आजी, नाही हो," नमिता तिच्या कानाशी म्हणाली, "तो झाला. अष्टमीला झाला. तुम्ही घास ठेवलात. आजचा दिवस रामाचा."

"मना ठाव हाय," आजी म्हणाली. "मना डब्याने सांगितलंय."

स्वतःचं नाव तिला सांगता येत नव्हतं. मुलाचा चेहरा गेला होता, होळीचा ओंडका गेला होता. एवढं एकच राहिलं होतं, आणि ते नमिताने दिलेलं होतं. लॅपटॉपमधली ओळ एका दिवसात परत फिरली. आजीच्या मनातली ही फिरणार नव्हती.

गुरुजींनी खुणेने विचारलं. नमिताने दोरी उचलून शेजारच्या बाईच्या हातात दिली. पाळण्याला झोका मिळाला, बायकांनी सूर धरला. आजी उठायची धडपड करू लागली. तिला धरून नमिता बाहेर आली आणि दोघी मागच्या बाजूला, तळ्याच्या भिंतीशी सावलीत बसल्या. आतून पाळण्याचं कडवं ऐकू येत होतं. नमिता लहानपणापासून दर वर्षी ते म्हणत आली होती. आज तिने ओठ हलवले नाहीत.

"तू जा ना गो आत," आजी म्हणाली. "तुजा कोन गेलाय?"

नमिताने पदराने तिच्या कपाळावरचा गुलाल पुसला.

"बसते आजी," ती म्हणाली. "तुमच्याजवळ बसते."